२/३ आणि ४/५ यांचा मसावि व लसावि: सूत्र, त्यामागचे कारण आणि न पकडली जाणारी चूक

प्रश्न: «अपूर्णांकांचा मसावि काढण्याचे सूत्र मला पाठ आहे: अंशांचा मसावि भागिले छेदांचा लसावि. लसाविसाठी याच्या उलट. पण अपूर्णांकाला तर कोणत्याही अपूर्णांकाने भाग जातो, मग येथे ‘विभाजक’ म्हणजे काय? आणि आमच्या गणितात २/३ हा ६/९ असा दिला होता. ६/९ आणि ४/५ यांचा मसावि मला २/४५ मिळाला आणि लसावि १२. मैत्रिणीला २/१५ आणि ४ मिळाले. मसावि गुणिले लसावि बरोबर दोन्ही संख्यांचा गुणाकार, हा ताळा दोघींचाही जुळतो. मग बरोबर कोण?»

तुमच्या मैत्रिणीचे उत्तर बरोबर आहे: मसावि २/१५ आणि लसावि ४. तुमचा २/४५ हा दोन्ही संख्यांचा सामाईक विभाजक आहे, पण तो सर्वांत मोठा नाही. तुमचा १२ हा सामाईक विभाज्य आहे, पण तो सर्वांत लहान नाही. तरीही ताळा जुळतो, याचे कारण तो ताळा ही विशिष्ट चूक पकडूच शकत नाही. हे असे का होते ते समजण्यासाठी आधी तुमच्या पहिल्या शंकेचे निरसन व्हायला हवे, कारण माझ्या अनुभवात या विषयातल्या बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते: विद्यार्थ्याला सूत्र येते, पण आपण नेमके काय शोधत आहोत हे कोणी सांगितलेले नसते.

तुम्ही म्हणता ते अगदी खरे आहे. अपूर्णांकांच्या जगात शून्य सोडून कोणत्याही संख्येने कोणत्याही संख्येला भागता येते आणि उत्तर अपूर्णांकच येते. ४/५ ला २/३ ने भागले तर ६/५ मिळतात. भागाकार झाला, बाकी उरण्याचा प्रश्नच नाही. ‘भाग जातो’ याचा अर्थ एवढाच घेतला, तर प्रत्येक संख्या प्रत्येकीची विभाजक ठरेल आणि सर्वांत मोठा विभाजक असे काही उरणारच नाही. म्हणून येथे एक अट घातलेली असते, जी पुस्तकात बहुधा स्पष्ट लिहिलेली नसते: भागाकार पूर्ण संख्या आला पाहिजे. ‘२/१५ हा २/३ चा विभाजक आहे’ याचा अर्थ २/३ मध्ये २/१५ नेमका काही पूर्ण वेळा मावतो, म्हणजे पाच वेळा. ‘४ हा २/३ चा विभाज्य आहे’ याचा अर्थ २/३ ची काही पूर्ण पट केली की नेमके ४ होतात, म्हणजे सहापट. विभाजक आणि विभाज्य हे अपूर्णांक असू शकतात. किती वेळा मावले ही मोजणी मात्र पूर्ण संख्येतच झाली पाहिजे.

मी हे वर्गात दोन काठ्यांनी सांगतो. एक काठी २/३ मीटर लांबीची आहे आणि दुसरी ४/५ मीटर. दोन्ही काठ्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करायचे आहेत, काहीही वाया जाता कामा नये आणि तुकडा शक्य तितका लांब हवा. त्या तुकड्याची लांबी म्हणजे मसावि. आता पहिली काठी घ्या. तिचे एक, दोन, तीन, चार, पाच असे सारखे भाग केले तर तुकड्यांच्या लांबी अनुक्रमे २/३, २/६, २/९, २/१२, २/१५ अशा होतात आणि ही यादी कधीच संपत नाही. दुसऱ्या काठीचे तसेच भाग केले तर ४/५, ४/१०, ४/१५, ४/२०, ४/२५, ४/३० अशी यादी मिळते. दोन्ही याद्या उतरत्या क्रमाने आहेत. वरून खाली येताना दोहोंत प्रथम सापडणारी सामाईक लांबी २/१५ आहे, कारण ४/३० म्हणजेच २/१५. पहिल्या काठीचे पाच तुकडे आणि दुसरीचे सहा. पूर्णांकांच्या मसाविपेक्षा येथे एक फरक जाणवेल: १२ चे विभाजक मोजकेच सहा असतात, पण २/३ चे विभाजक अनंत आहेत. तरीही सर्वांत मोठा सामाईक विभाजक एकच निघतो, कारण अनंतता याद्यांच्या खालच्या टोकाला आहे आणि आपण वरून शोधतो.

लसाविसाठी तीच यादी वरच्या दिशेने करायची. २/३ च्या पटी २/३, ४/३, २, ८/३, १०/३, ४ अशा जातात आणि ४/५ च्या पटी ४/५, ८/५, १२/५, १६/५, ४ अशा. पहिली भेट ४ वर होते. दोन चाके एकाच वेळी फिरू लागली, एकाला पूर्ण फेरीस २/३ मिनिट लागते आणि दुसऱ्याला ४/५ मिनिट, तर दोघांवरच्या खुणा पुन्हा एकाच वेळी आरंभस्थानी येण्यास ४ मिनिटे लागतात. तोवर पहिल्याच्या सहा फेऱ्या झालेल्या असतात आणि दुसऱ्याच्या पाच.

याच चाकांच्या वेळा सेकंदांत लिहून पाहा. २/३ मिनिट म्हणजे ४० सेकंद आणि ४/५ मिनिट म्हणजे ४८ सेकंद. अपूर्णांक नाहीसेच झाले. ४० आणि ४८ यांचा मसावि ८ आणि लसावि २४०, हे शाळेतल्या नेहमीच्या रीतीने काढता येते. आता ८ सेकंद म्हणजे ८/६० मिनिट, म्हणजेच २/१५ मिनिट. आणि २४० सेकंद म्हणजे ४ मिनिटे. तीच उत्तरे मिळाली. या उदाहरणावर मी वर्गात बराच वेळ थांबतो, कारण त्यातून दिसते की अपूर्णांकांचा मसावि आणि लसावि ही काही निराळी कल्पना नाही. चाके तीच आहेत, फिरतात त्याच वेगाने. आपण एकक बदलले म्हणून २/३ चे ४० झाले. एकक लहान घेतले की दोन्ही संख्या पूर्णांकांत उतरतात, तेथे नेहमीचे काम करायचे आणि उत्तर पुन्हा मूळ एककात आणायचे.

यातूनच मी शिकवतो ती पहिली रीत निघते. सेकंद हे एकक आपल्याला आयते मिळाले होते. ते नसेल तर आपणच एकक बनवायचे, आणि ते बनवण्याची कृती तुम्हाला अपूर्णांकांच्या बेरजेपासून माहीत आहे: छेद समान करणे. २/३ म्हणजे १०/१५ आणि ४/५ म्हणजे १२/१५. एक पंधरांश हे एकक धरले तर एका संख्येत अशी १० एकके आहेत आणि दुसरीत १२. दहा आणि बारा यांचा मसावि २, म्हणून उत्तर दोन पंधरांश, म्हणजे २/१५. दहा आणि बारा यांचा लसावि ६०, म्हणून उत्तर साठ पंधरांश, म्हणजे ६०/१५, म्हणजेच ४. या रीतीत पाठ करण्यासारखे काही नाही, आणि ती कशी फसते याचा मी बराच शोध घेतला आहे. बेरीज-गुणाकारातली चूक सोडली तर ती फसत नाही.

आता सूत्राकडे येऊ, कारण परीक्षेत ते वापरावे लागते आणि तुम्ही म्हणता तसे लसाविसाठी ते उलटते. मसाविसाठी वर मसावि आणि खाली लसावि, लसाविसाठी वर लसावि आणि खाली मसावि, असे का? थोडक्यात उत्तर असे, की छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो. म्हणून शक्य तितकी मोठी संख्या हवी असेल तर छेद शक्य तितका लहान हवा, आणि शक्य तितकी लहान संख्या हवी असेल तर छेद शक्य तितका मोठा हवा. पण हे केवळ दिशादर्शन झाले. छेदाला लसाविच का हवा आणि अंशाला मसाविच का हवा, हे पाहण्यासाठी एकदा सावकाश जाऊ.

समजा, शोधायचा सामाईक विभाजक प/फ आहे, तोही अतिसंक्षिप्त रूपात, म्हणजे प आणि फ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. २/३ ला प/फ ने भागायचे म्हणजे २ × फ या गुणाकाराला ३ × प या गुणाकाराने भागायचे, आणि हा भाग निःशेष जायला हवा. खाली ३ आहे. त्याने वरच्या २ × फ ला भाग जायला हवा. पण २ आणि ३ सहमूळ आहेत, म्हणून २ मधून त्या ३ ला काहीच मदत मिळत नाही आणि सगळा भार फ वर येतो: फ हा ३ चा विभाज्य असलाच पाहिजे. तसेच खाली प आहे. त्याने वरच्या गुणाकाराला भाग जायला हवा, पण प आणि फ सहमूळ असल्याने प ने २ लाच भाग जायला हवा. म्हणजे एका अटीच्या दोन अटी झाल्या: प हा अंशाचा विभाजक, फ हा छेदाचा विभाज्य. ४/५ साठी याच दोन अटी पुन्हा लावा. प हा २ आणि ४ या दोन्ही अंशांचा विभाजक हवा, फ हा ३ आणि ५ या दोन्ही छेदांचा विभाज्य हवा. प/फ सर्वांत मोठा करायचा तर प शक्य तितका मोठा, म्हणजे २ आणि ४ यांचा मसावि २. आणि फ शक्य तितका लहान, म्हणजे ३ आणि ५ यांचा लसावि १५. सूत्र हेच सांगते. लसाविचे कारण याच मार्गाने मिळते, फक्त भूमिका उलटतात: तेथे अंश हा दोन्ही अंशांचा विभाज्य हवा आणि छेद हा दोन्ही छेदांचा विभाजक हवा, म्हणून ४/१, म्हणजे ४.

सूत्र अर्धवट आठवले तर उत्तराच्या आकारावरूनच चूक कळते. मसाविसाठी कोणी वर-खाली दोन्हीकडे मसावि घेतला तर २/१, म्हणजे २ येतात; पण दोन्ही काठ्या एक मीटरपेक्षा लहान असताना तुकडा दोन मीटरचा असू शकत नाही. लसाविसाठी दोन्हीकडे लसावि घेतला तर ४/१५ येतात, जे दोन्ही संख्यांपेक्षा लहान आहेत, आणि कोणत्याही धन संख्येची पूर्ण पट तिच्याहून लहान नसते. मसावि दोहोंतल्या लहान संख्येपेक्षा मोठा नसतो आणि लसावि मोठीपेक्षा लहान नसतो, एवढे पाहण्यास दोन सेकंदही लागत नाहीत. लसावि १५ असे उत्तरही मला वारंवार दिसते. तो छेदांचा लसावि आहे, बेरजेसाठी लागणारा. या दोन अपूर्णांकांचा नव्हे. १५ ला ४/५ ने भागले तर ७५/४ येतात, पूर्ण संख्या येत नाही.

आता तुमच्या ६/९ कडे. वरच्या कारणमीमांसेत एक वाक्य निर्णायक होते: ‘२ आणि ३ सहमूळ आहेत, म्हणून सगळा भार फ वर येतो’. २/३ च्या जागी ६/९ लिहिले की हे वाक्य खोटे ठरते. आता खाली ९ आहे आणि वर ६, आणि त्या ९ मधला एक ३ अंशातल्या ६ नेच भागवून टाकलेला आहे. त्यामुळे फ हा ९ चा विभाज्य असण्याची गरज नाही, ३ चा असला तरी पुरे. सूत्र मात्र हे जाणत नाही. ते छेदांत ९ आणि ५ पाहते, लसावि ४५ घेते, अंशांत ६ आणि ४ पाहून मसावि २ घेते आणि २/४५ हाती देते. छेद गरजेपेक्षा तिप्पट मोठा झाला, म्हणून मसावि गरजेपेक्षा तिप्पट लहान झाला. लसाविच्या बाजूला अंशांचा लसावि ४ ऐवजी १२ आला, छेदांचा मसावि १ च राहिला, आणि लसावि तिप्पट मोठा झाला.

म्हणून सूत्रात एक अट लपलेली आहे: दोन्ही अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात असले पाहिजेत. अट पाळली नाही तर उत्तर प्रत्येक वेळी चुकतेच असे नाही, आणि ही गोष्ट मला अधिक त्रासदायक वाटते. २/३ ऐवजी ४/६ लिहून पाहा. ४/६ आणि ४/५ यांच्या अंशांचा मसावि ४, छेदांचा लसावि ३०, उत्तर ४/३०, म्हणजे २/१५. बरोबर! येथे अंशात शिरलेला जादा २ दुसऱ्या अंशातही होता, त्यामुळे अंशांचा मसावि दुप्पट झाला. छेदांचा लसावि दुप्पट झाला होताच. आणि दोन्ही दुपटी एकमेकींत विरल्या. ६/९ मधला जादा ३ मात्र दुसऱ्या अंशातल्या ४ मध्ये नाही, म्हणून तेथे भरपाई झाली नाही. विद्यार्थ्याने आधी ४/६ सारखी दोन-तीन उदाहरणे सोडवली असतील तर संक्षेप न करताही चालते असा त्याचा समज होतो आणि पुढे तो ६/९ वर अडखळतो.

ताळ्याने ही चूक का पकडली नाही, ते आता पाहू. कोणत्याही दोन पूर्ण संख्यांचा मसावि गुणिले लसावि म्हणजे त्या दोन संख्यांचा गुणाकार. तुमच्या सूत्रात अंशांचा मसावि एका उत्तरात आहे आणि अंशांचा लसावि दुसऱ्या उत्तरात. दोन्ही उत्तरांचा गुणाकार केला की वर अंशांचा गुणाकार येतो आणि त्याच कारणाने खाली छेदांचा गुणाकार येतो. अंश आणि छेद सहमूळ होते की नव्हते याचा येथे कोठेही संबंध येत नाही. त्यामुळे संक्षेप न केल्याची चूक मसाविला जितकी लहान करते, तितकीच लसाविला मोठी करते, आणि गुणाकार जागच्या जागी राहतो. २/४५ × १२ म्हणजे २४/४५, म्हणजे ८/१५. २/१५ × ४ हेही ८/१५. हा ताळा आकडेमोडीतली चूक पकडण्यास उपयोगी आहे, पण तुमच्या चुकीपुढे तो आंधळा आहे.

मग खरा ताळा कोणता? मसावि काढल्यावर दोन्ही संख्यांना त्याने भागा. दोन गोष्टी तपासायच्या: दोन्ही भागाकार पूर्ण संख्या आहेत का, आणि ते एकमेकांशी सहमूळ आहेत का. पहिली गोष्ट सांगते की उत्तर सामाईक विभाजक आहे. दुसरी सांगते की ते सर्वांत मोठे आहे. २/३ ला २/४५ ने भागले तर १५ आणि ४/५ ला भागले तर १८. दोन्ही पूर्ण संख्या आहेत, पण १५ आणि १८ यांच्यात ३ सामाईक आहे. म्हणजे तुकडे तीन-तीन जोडून तिप्पट लांबीचे करता आले असते आणि तरीही काही वाया गेले नसते. तुमच्या उत्तराची तिप्पट केली की २/१५ मिळतात. तेव्हा भागाकार ५ आणि ६ येतात, त्यांच्यात सामाईक काही नाही, काम पूर्ण झाले. लसाविसाठीही हेच: १२ ला २/३ ने भागले तर १८ आणि ४/५ ने भागले तर १५, पुन्हा तोच ३, १२ ला ३ ने भागा, ४ मिळतील. या ताळ्याचा विशेष असा, की तो चूक दाखवतोच आणि ती किती पटीची आहे हेही सांगतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून गणित करावे लागत नाही.

समान छेदाच्या रीतीला संक्षेपाची अट नाही, हेही तुमच्याच उदाहरणावर पडताळून पाहा. ६/९ आणि ४/५ म्हणजे ३०/४५ आणि ३६/४५. तीस आणि छत्तीस यांचा मसावि ६, म्हणून ६/४५, म्हणजे २/१५. लसावि १८०, म्हणून १८०/४५, म्हणजे ४. एकक अकारण बारीक घेतले, एवढाच फरक पडला. मोजमाप चुकले नाही. हे सुरक्षितपण ध्यानात घेऊन मी नवशिक्यांना आधी हीच रीत देतो आणि सूत्र नंतर.

२/३ आणि ४/५ या जोडीमुळे एक गैरसमज होऊ शकतो तो येथेच दूर करतो. यांचा लसावि पूर्णांक आला, कारण ३ आणि ५ सहमूळ आहेत आणि त्यांचा मसावि १ आहे. छेदांत काही सामाईक असेल तर लसाविही अपूर्णांकच येतो. ५/६ आणि ३/४ घ्या. अंशांचा लसावि १५, छेदांचा मसावि २, म्हणून लसावि १५/२, म्हणजे साडेसात. मसावि १/१२. साडेसातला ५/६ ने भागले तर ९ आणि ३/४ ने भागले तर १०. दोन्ही पूर्ण आणि सहमूळ. येथे पुष्कळ जण साडेसात पाहून बिचकतात आणि ‘लसावि पूर्णांक हवा’ म्हणून १५ लिहितात. १५ हा सामाईक विभाज्य आहे खरा, पण चाकांच्या खुणा साडेसात मिनिटांनी एकदा जुळून गेलेल्या असतात.

आणखी एक रीत सांगतो, जी मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे, कारण तिला अवयव पाडावे लागत नाहीत, नुसती वजाबाकी पुरते. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची, जमेल तितक्या वेळा. जे उरेल ते आणि लहान संख्या यांच्यावर हेच पुन्हा करायचे. ज्या क्षणी बाकी शून्य होईल, त्या क्षणी जिने भागले ती संख्या मसावि. ४/५ मधून २/३ वजा केले तर २/१५ उरतात. २/३ मध्ये २/१५ नेमके पाच वेळा मावतात, बाकी शून्य. म्हणून मसावि २/१५. एका वजाबाकीत काम संपले. ७/४ आणि २/३ साठी थोडे अधिक चालावे लागते: ७/४ मधून २/३ दोनदा वजा केल्यावर ५/१२ उरतात, २/३ मधून ५/१२ गेल्यावर १/४ उरतो, ५/१२ मधून १/४ गेल्यावर १/६, १/४ मधून १/६ गेल्यावर १/१२, आणि १/६ मध्ये १/१२ नेमका दोनदा. मसावि १/१२. काठ्यांवर हे मोजपट्टीवाचूनही करता येते, फक्त एक काठी दुसरीला लावून. युक्लिडने ही रीत आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात पूर्ण संख्यांसाठी दिली आणि दहाव्या भागात लांबीसारख्या राशींसाठी. म्हणजे अपूर्णांकांचा मसावि ही पाठ्यपुस्तकांनी परीक्षेसाठी काढलेली टूम नाही, ‘दोन लांबी एकाच मापाने मोजता येतील का’ या जुन्या प्रश्नाचेच ते उत्तर आहे.

मसावि असा मिळाला की लसावि वेगळा शोधावा लागत नाही. दोन भागाकार हाताशी असतातच. मसाविला त्या दोन्हींनी गुणले की लसावि मिळतो. २/१५ × ५ × ६ म्हणजे ६०/१५, म्हणजे ४.

कोणती रीत वापरावी हे समोरच्या संख्यांवर आणि कामावर अवलंबून आहे. छेद लहान असतील आणि वेळ कमी असेल तर आधी संक्षेप करून सूत्र वापरा. छेद समानच असतील, किंवा संख्या दशांश रूपात असतील, तर एककाची रीत उत्तम: ०.३६ आणि ०.४८ म्हणजे ३६ आणि ४८ शतांश, म्हणून मसावि ०.१२ आणि लसावि १.४४. अंश आणि छेद मोठे असतील, अवयव चटकन दिसत नसतील, तर वजाबाकीची रीत. मिश्र अपूर्णांक असतील तर आधी ते अंशाधिक रूपात आणा; पूर्णांकाच्या भागाचा आणि अपूर्णांकाच्या भागाचा मसावि वेगवेगळा काढून जोडल्यास उत्तर बहुधा चुकते.

तीन किंवा अधिक अपूर्णांक असले तरी सूत्र तसेच लागू होते, पण गुणाकाराचा ताळा तेथे मुळीच वापरू नका. २/३, ४/५ आणि ८/९ यांचा मसावि २/४५ आहे आणि लसावि ८. त्यांचा गुणाकार १६/४५ येतो, तर तिन्ही संख्यांचा गुणाकार ६४/१३५ आहे, आणि तरीही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. भागाकारांचा ताळा मात्र तेथेही चालतो: २/४५ ने भागल्यावर १५, १८ आणि २० मिळतात. पंधरा आणि अठरा यांच्यात ३ सामाईक आहे, अठरा आणि वीस यांच्यात २, पंधरा आणि वीस यांच्यात ५. पण तिघांनाही एकाच वेळी भागणारी संख्या १ खेरीज नाही, आणि तपासायचे तेवढेच असते. येथे तुमचा २/४५ बरोबर उत्तर म्हणून परत आला आहे हे पाहिलेत का? ८/९ मधला ९ खरा आहे, तो संक्षेपाने जात नाही. तुमच्या ६/९ मधला ९ जात होता.